साठ रुग्णांना पेलेल असा प्रश्न

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे संशोधन-प्रस्ताव वाचणाऱ्या कुणालाही एक परिच्छेद तोंडपाठ झालेला असतो. ‘माहितीचे विश्लेषण टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर चाचणीने केले जाईल. पी-व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी आल्यास फरक लक्षणीय मानला जाईल.’ अभ्यास हजार रुग्णांचा असो की चाळीस, मधुमेहाचा असो की मणक्याचा, परिच्छेद तोच. वर मोठ्या अक्षरात ‘पायलट स्टडी’ लिहिलेले असले तरी तोच. पायलट अभ्यासात मात्र या परिच्छेदाने काहीच साधत नाही, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर तो अभ्यास देऊ शकत नाही नेमका तोच प्रश्न त्याला विचारलेला असतो.

पायलट करायचा तो पुढच्या मोठ्या चाचणीची वाट चालण्याजोगी आहे का, हे पाहायला. रुग्ण मिळतील का, मिळाले तर किती वेगाने, आणि मिळालेले शेवटच्या तपासणीपर्यंत राहतील का? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण मोठ्या चाचण्या बहुधा इथेच अडतात. ब्रिटनमध्ये सरकारी पैशावर चाललेल्या शंभरहून अधिक बहुकेंद्री चाचण्यांचा आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ठरवलेला रुग्णसंख्येचा आकडा गाठणाऱ्या चाचण्या त्यात जेमतेम एक-तृतीयांश निघाल्या आणि निम्म्याहून अधिक चाचण्यांना मुदतवाढ मागावी लागली होती. उपचार उपयोगी आहे की नाही, हा मुद्दा तिथवर पोचतच नाही.

हिशेब समोर ठेवून बोलू. खालचे उदाहरण मी समजुतीसाठी रचले आहे. आकडे कल्पित आहेत, पण त्यांवरची गणिते खरी आहेत. मराठवाड्यातल्या तीन ग्रामीण रुग्णालयांत पंचेचाळिशी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी घरी करायच्या व्यायामाचा कार्यक्रम आखला आहे. निम्म्यांना व्यायाम शिकवायचा आणि दर आठवड्याला फोन करायचा, निम्म्यांना नेहमीचे उपचार. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठीने ठरणार. बारा आठवड्यांनी वेदनेचा गुणांक मोजायचा. मोठी चाचणी सहा केंद्रांवर करायचा बेत आहे. तिला शेवटपर्यंत राहिलेले 288 रुग्ण लागतात. वीस टक्के गळती धरली तर 360 जणांची भरती करावी लागेल आणि भरतीला अठरा महिने आहेत. त्याआधीचा पायलट साठ जणांचा.

आता ठरलेल्या परिच्छेदाप्रमाणे या साठांवर टी-टेस्ट चालवली तर काय होईल? मोठी चाचणी 288 जणांची ठरली, कारण दोन गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या एक-तृतीयांश एवढा असेल असा अंदाज होता आणि तेवढा फरक असल्यास पाचपैकी चार वेळा सापडावा अशी अपेक्षा होती. तोच फरक पायलटमध्ये हाती राहिलेल्या पन्नासेक रुग्णांत शोधला तर पाचपैकी एकदाच सापडेल. म्हणजे व्यायाम खरोखर गुणकारी असला तरी पाचपैकी चार वेळा अहवालात ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असे वाक्य येणार आणि ते वाचून कुणीतरी फाईल बंद करणार.

पाचव्या वेळी पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली गेली, तर धोका आणखी मोठा. एवढ्या छोट्या नमुन्यात लक्षणीय ठरण्यासाठी दिसणारा फरक खऱ्या फरकाच्या किमान पावणेदोन पट असावाच लागतो. त्याहून लहान फरक चाळणीतून खाली पडतात. संशोधक तो फुगलेला आकडा खरा मानून मोठ्या चाचणीची रुग्णसंख्या कमी करतो आणि मोठी चाचणी तोकडी पडते. अमेरिकेतल्या हेलेना क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये नेमका हाच इशारा दिला होता: पायलटमध्ये दिसलेल्या परिणामावर मोठ्या चाचणीचा आकार बेतू नका.

म्हणून पायलटच्या विश्लेषण-आराखड्यातले पहिले वाक्य असे हवे: ‘या अभ्यासात उपचाराच्या परिणामाबद्दल कोणतीही गृहीतक-चाचणी केली जाणार नाही.’ पायलट चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत यासाठी 2016 मध्ये कन्सॉर्ट नियमावलीची खास पुरवणी निघाली. तिचाही रोख हाच आहे: उद्दिष्टे व्यवहार्यतेची ठेवा, आकडे अंदाज म्हणून द्या आणि प्रत्येक अंदाजाबरोबर त्याची अनिश्चितता सांगा.

ती अनिश्चितता कॉन्फिडन्स इंटरव्हल सांगतो. समजा साठपैकी एक्कावन्न जण बारा आठवड्यांनी तपासणीला आले, म्हणजे 85 टक्के. पण हे 85 टक्के या साठांचे झाले. अशाच दुसऱ्या साठांना घेतले असते तर कदाचित 80 आले असते, कदाचित 90. एक्कावन्नावरून काढलेला 95 टक्क्यांचा इंटरव्हल 74 ते 92 असा येतो. म्हणजे हाती आलेल्या माहितीशी 74 टक्केही जुळतात आणि 92 टक्केही. ‘95 टक्के’ हे गुणपत्रक या साठांचे नव्हे, पद्धतीचे आहे: या रीतीने पुन्हा पुन्हा इंटरव्हल काढत गेले तर शंभरांतले साधारण पंचाण्णव खऱ्या आकड्याला कवेत घेतील. ही मांडणी जर्झी नेमन यांनी 1937 मध्ये केली.

चाचणी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणते, इंटरव्हल ‘इथून इथपर्यंत’ म्हणतो. नियोजन करणाऱ्याला दुसरेच हवे असते. शेवटी 288 जण हाती राहायला हवेत. जर 74 टक्केच टिकणार असतील तर भरती 390 जणांची करावी लागेल. 92 टक्के टिकले तर 314 पुरतील. निधी मागणाऱ्या अर्जात हे दोन्ही आकडे लिहिता येतात आणि देणाऱ्यालाही समजतात. ‘गळती वीस टक्क्यांपेक्षा लक्षणीयरीत्या वेगळी नाही, पी-व्हॅल्यू 0.33’ या वाक्यावरून कुणालाच काही मागता येत नाही.

पण इंटरव्हल काढण्याआधी काय मोजणार हे लिहावे लागते. आराखड्याचे खरे काम या ओळींत असते आणि घाई बहुतेक वेळा इथेच होते. ‘85 टक्के टिकले’ म्हणजे कोणाचे 85 टक्के? ज्यांनी संमती दिली त्यांचे की चिठ्ठी निघून गट ठरला त्यांचे? व्यायाम सोडून दिला पण बाराव्या आठवड्याला येऊन वेदना सांगून गेली, अशी बाई टिकली की गळाली? माझ्या मते टिकली. तिने व्यायाम केला नाही, हे वेगळ्या रकान्यात, ‘पालन’ या मथळ्याखाली जाईल. मोठ्या चाचणीला तिचा गुणांक मिळणार आहे, हे इथे महत्त्वाचे. दवाखान्यात न येता फोनवर उत्तरे दिली तर? तेरा आठवड्यांनी आली तर? मृत्यू झाला तर? प्रत्येकाचे उत्तर आधी लिहायचे. आमच्या उदाहरणात व्याख्या अशी: ‘चिठ्ठी निघालेल्या सर्व रुग्णांपैकी, दहाव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान वेदनेचा गुणांक पूर्ण नोंदवलेले, प्रत्यक्ष वा फोनवर, मृत व्यक्ती छेदात राहतील.’ ही ओळ नंतर लिहिली तर छेद हवा तसा आकसतो. सहा जणांनी ‘गाव सोडले’ म्हणून ते मोजायचेच नाहीत असे ठरवले की एक्कावन्न भागिले चोपन्न, म्हणजे 94 टक्के होतात आणि अहवाल झळकतो.

भरतीचे दोन वेगळे आकडे असतात. एक प्रमाण: पात्र असलेल्या 120 जणांना विचारले, साठ तयार झाले; 50 टक्के, इंटरव्हल 41 ते 59. दुसरा वेग: तीन केंद्रे, पाच महिने, म्हणजे पंधरा केंद्र-महिने, त्यांत साठ रुग्ण, दर केंद्रामागे महिन्याला चार. प्रमाणाची रीत वेगाला लागू होत नाही, कारण वेगाला छेद माणसांचा नसून काळाचा आहे. इथे पॉइसाँ वितरण वापरतात. त्याने इंटरव्हल 3.05 ते 5.15 येतो. केंद्राचा महिना केव्हापासून मोजायचा, हेही आराखड्यात हवे. नैतिकता समितीची मंजुरी आली त्या दिवसापासून की पहिला रुग्ण आला त्या दिवसापासून? दुसरी तारीख धरली तर मंजुरीनंतर रिकामे गेलेले सहा आठवडे गायब होतात आणि वेग वाढलेला दिसतो. मोठ्या चाचणीतही असे आठवडे रिकामे जाणारच आहेत. म्हणून पहिलीच तारीख धरावी.

कुठल्या सूत्राने इंटरव्हल काढायचा, तेही नावानिशी लिहावे. शाळा-कॉलेजात शिकवलेले सरळ सूत्र, म्हणजे प्रमाण अधिक-उणे 1.96 गुणिले प्रमाण त्रुटी, छोट्या नमुन्यात दगा देते. आमच्या तिसऱ्या केंद्रात नऊच रुग्ण भरती झाले आणि नऊही परत आले. सरळ सूत्र म्हणते: 100 टक्के, इंटरव्हल 100 ते 100. नऊ माणसांवरून जगाबद्दल शंभर टक्के खात्री! एडविन विल्सन यांनी 1927 मध्ये दिलेले सूत्र त्याच नऊ जणांवरून 70 ते 100 असा इंटरव्हल देते; तो पटण्याजोगा आहे. वरचे टक्केवारीचे सगळे इंटरव्हल विल्सनचेच आहेत. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळी पुरतात:

```
prop.test(51, 60, correct = FALSE)$conf.int
poisson.test(60, T = 15)$conf.int
```

पहिल्या ओळीतले `correct = FALSE` वगळले तर विल्सनऐवजी त्याची थोडी रुंद आवृत्ती मिळते. आराखड्यात एक आणि अहवालात दुसरे, असा घोटाळा बरेचदा इथूनच सुरू होतो.

साठच का? तेही इंटरव्हलवरूनच ठरते. 80 टक्के टिकतील असे धरले तर साठ जणांत इंटरव्हल साधारण अधिक-उणे दहा अंकांचा येतो. तीस जणांत चौदा. 120 जणांत सात. रुंदी निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात. दहा अंकांच्या रुंदीवर निर्णय घेता येत असेल तर साठ बरोबर, नसेल तर साठांचा पायलट करूच नये. ‘पायलट आहे, तीस चालतील’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. चालतील की नाही, हे तीसांच्या इंटरव्हलची दोन टोके पाहूनच सांगता येईल.

आता निर्णयाचा भाग. ‘हिरवा, पिवळा, लाल’ अशी सिग्नलची पद्धत हल्ली रूढ झाली आहे: हिरवा म्हणजे पुढे जा, पिवळा म्हणजे दुरुस्ती करून जा, लाल म्हणजे थांबा. पद्धत चांगली आहे, पण ‘टिकणारे 80 टक्क्यांहून जास्त असतील तर हिरवा’ एवढेच लिहिले तर प्रश्न अर्धाच सुटतो. 80 टक्के कुठल्या आकड्याने ओलांडायचे, मधल्या की खालच्या टोकाच्या? आमच्या उदाहरणात यावरच निकाल पालटतो. 360 रुग्ण, सहा केंद्रे, अठरा महिने, म्हणजे दर केंद्राने महिन्याला 3.33 रुग्ण द्यायला हवेत. पायलटचा मधला आकडा 4, म्हणजे दिवा हिरवा. पण खालचे टोक 3.05. त्या वेगाने भरतीला जवळजवळ वीस महिने लागतील, म्हणजे दिवा पिवळा. हा अभ्यास मी आखला असता तर नियम असा लिहिला असता: खालचे टोक गरजेच्या वर असेल तर हिरवा, वरचे टोकही गरजेच्या खाली असेल तर लाल, गरज मध्ये कुठेतरी असेल तर पिवळा, आणि पिवळा आल्यास कोणती दुरुस्ती करणार तीही आधीच लिहिलेली. इथे ती दुरुस्ती म्हणजे सातवे केंद्र. सात केंद्रांवर 3.05 चा वेग मिळाला तरी भरती सतरा महिन्यांत होते.

या कडक नियमाला विरोधही आहे. छोट्या पायलटमध्ये खालचे टोक इतके खाली येते की चांगल्या योजनाही पिवळ्या ठरतात, असे अनेकांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. काही जण म्हणून 80 टक्क्यांचा अरुंद इंटरव्हल वापरतात. त्यात आमचे टिकणारे 74 ते 92 ऐवजी 78 ते 90 होतात. 2021 मध्ये तर ब्रिटनमधल्या काही संख्याशास्त्रज्ञांनी पुढे जाण्याचे निकष गृहीतक-चाचणीतूनच ठरवावेत असा प्रस्ताव मांडला. त्यांची चाचणी व्यवहार्यतेवर आहे, उपचारावर नव्हे, त्यामुळे ती इथल्या मुद्द्याला छेद देत नाही. तरी वाचणाऱ्या डॉक्टरला दोन टोके जास्त सहज कळतात, असे मला वाटते. यांपैकी काहीही निवडा, पण रुग्ण येण्याआधी निवडा. 95 चा इंटरव्हल पिवळा आला म्हणून 80 चा काढून हिरवा करणे ही सरळ लबाडी आहे.

दोन गटांची गळती वेगळी आहे का, हा प्रश्न आला की चाचणी मागच्या दाराने परत येते. व्यायामाच्या गटातले तीसपैकी सत्तावीस टिकले, दुसऱ्या गटातले तीसपैकी चोवीस. काय-स्क्वेअर चाचणी म्हणेल ‘फरक नाही’. इंटरव्हल काढला तर फरक दहा अंकांचा, आणि तो उणे नऊपासून अधिक अठ्ठावीसपर्यंत कुठेही असू शकतो. अठ्ठावीस अंकांचा फरक खरा असेल तर मोठी चाचणी एका बाजूला झुकेल. नेहमीच्या उपचाराच्या गटाला आपल्याला काही मिळाले नाही असे वाटून ते येईनासे होत असतील. ‘फरक नाही’ या शब्दांनी ही शक्यता झाकली जाते. आराखड्यात म्हणून लिहायचे: दोन्ही गटांचे आकडे वेगवेगळे द्या, फरकाचा इंटरव्हल द्या, निष्कर्ष काढू नका.

आणि इंटरव्हलचे डोळे कुठवर पोचतात? त्याला फक्त योगायोग दिसतो. आमच्या साठांपैकी 31 पहिल्या केंद्रातले, 20 दुसऱ्यातले, 9 तिसऱ्यातले. 3.05 ते 5.15 हा इंटरव्हल तिन्ही केंद्रे सारखीच आहेत असे गृहीत धरून आला. प्रत्यक्षात एका केंद्राचा वेग दुसऱ्याच्या तिप्पट आहे. सातवे केंद्र पहिल्यासारखे निघेल की तिसऱ्यासारखे, याची अनिश्चितता त्या दोन टोकांत मावलेलीच नाही. तीन केंद्रांवरून ती नीट मोजताही येत नाही. म्हणून केंद्रनिहाय तक्ता जोडायचा आणि सर्वांत मंद केंद्राच्या वेगाने चालले तर काय, हा हिशेब शेजारी मांडायचा: महिन्याला 1.8 प्रमाणे सात केंद्रांना 360 रुग्णांसाठी जवळजवळ एकोणतीस महिने लागतील.

ऋतूही त्याला दिसत नाही. समजा भरती जुलै ते नोव्हेंबर झाली. बारा आठवड्यांची तपासणी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत पडली आणि बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबे याच काळात कारखान्यांच्या फडात असतात. पहिल्या केंद्रातल्या 31 पैकी सात गळाले, ते बहुतेक असेच गेले. इंटरव्हल मात्र त्यांना चिठ्ठी टाकून गळाल्यासारखे मोजतो. एप्रिलमध्ये तपासणी ठेवली असती तर त्यातले बरेच परत आले असते. उलट जूनमध्ये ठेवली असती तर पेरणी सोडून कोण आले असते? गळालेल्या प्रत्येकाचे कारण आणि महिना नोंदवण्याचा रकाना आराखड्यात असेल तरच हे कळते. त्या सात जणांची कारणे वाचून तपासणी फडाजवळच्या दवाखान्यात किंवा फोनवर घ्यायची दुरुस्ती सुचते. एकत्रित 85 टक्क्यांतून ती सुचत नाही.

वेदनेच्या गुणांकाचे काय करायचे? द्यायचा: दोन्ही गटांची सरासरी, फरक आणि त्याचा रुंद इंटरव्हल, एका ओळीत, शेरा न मारता. प्रमाण विचलन मात्र कामाचे. मोठ्या चाचणीचा आकार ठरवताना तोही आकडा डोळे झाकून न घेता त्याच्या इंटरव्हलच्या वरच्या भागातला घ्यावा, म्हणजे चाचणी तोकडी पडण्याची शक्यता कमी होते.

भारतात सीटीआरआयच्या नोंदवहीत एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच चाचणीची नोंदणी करावी लागते. पायलटच्या निकषांसाठी ही जागा आयती आहे. नैतिकता समित्यांवर बसणाऱ्या सदस्यांना म्हणून एक विनंती: पायलटचा प्रस्ताव समोर आला की शेवटून दुसरे पान उघडा. तिथे टी-टेस्ट असेल आणि टिकणाऱ्यांची व्याख्या, इंटरव्हलचे सूत्र व तीन रंगांचा नियम नसेल, तर प्रस्ताव परत पाठवा.